‘राहील’पासून वाचायला घ्या

*ताई, नेरुळच्या आमच्या सोसायटीची मी यंदा सेक्रेटरी झाले. पाणी बंदचं निवेदन आलं की मी त्याचा फोटो ग्रुपवर टाकते, तो कुणी उघडूनही बघत नाही. म्हणून मागच्या वेळी मीच छोटं केलं: ‘उद्या पाणी नाही, साठा करून ठेवा.’ तो मेसेज तीन दिवस फिरत होता. तिसऱ्या दिवशी खारघरहून नणंदेचा फोन, “अगं, आमच्याकडे पण का?” मला उत्तर देता येईना. स्टेटसला आणि फॉरवर्डला चारच ओळी हव्यात, पण काय ठेवायचं आणि काय गाळायचं? – एक सेक्रेटरी, नेरुळ*

सेक्रेटरीबाई,

पहिलं काम, ‘उद्या’ हा शब्द हद्दपार करा. फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर तुमचं नाव जात नाही आणि तुम्ही तो कधी लिहिला ती तारीखही जात नाही. वाचणाऱ्याला दिसते ती त्याच्याकडे मेसेज पोचल्याची वेळ. तुमचा मंगळवारचा ‘उद्या’ गुरुवारी कुणाच्या हातात पडला की तो शुक्रवार होतो, आणि शुक्रवारी नळाला पाणी धो धो असताना बादल्या भरलेल्या. ‘आज’, ‘येत्या बुधवारी’, ‘आपल्या विभागात’, ‘आमच्याकडे’ ही सगळी त्याच घरातली भावंडं. बोलणारा समोर असेल तरच त्यांना अर्थ असतो.

आता निवेदन कसं आटवायचं ते एक नमुना घेऊन बघू. भाषा सरकारी आहे, पण काम आणि तारखा मी घातल्या आहेत, आणि निवेदन 9 मार्चचं धरलं आहे. (हा नमुनाच फॉरवर्ड करू नका, नाहीतर पुढचं पत्र मला तुमच्या नणंदेचं येईल.)

> याद्वारे सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीच्या मोरबे धरणातून येणाऱ्या मुख्य जलवाहिनीवरील गळती रोखण्याचे तसेच व्हॉल्व्ह बदलण्याचे अत्यावश्यक काम हाती घेण्यात येणार असल्याने बुधवार दि. 11 मार्च रोजी सकाळी 10.00 वाजल्यापासून गुरुवार दि. 12 मार्च रोजी पहाटे 4.00 वाजेपर्यंत महानगरपालिका क्षेत्रातील बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली व ऐरोली या विभागांतील पाणीपुरवठा बंद राहील. तसेच सिडको क्षेत्रातील खारघर व कामोठे नोडमधील आणि मुख्य जलवाहिनीवरून थेट नळजोडणी असलेल्या ग्राहकांचा पाणीपुरवठाही सदर कालावधीत बंद राहील. गुरुवार दि. 12 मार्च रोजी सकाळचा पाणीपुरवठा कमी दाबाने होण्याची शक्यता आहे. तरी नागरिकांनी पाण्याचा आवश्यक साठा करून ठेवावा व पाणी काटकसरीने वापरून महानगरपालिकेस सहकार्य करावे.

बहुतेक जण हे वरून वाचत येतात आणि वाटेत भेटेल तो शब्द खोडत जातात. ‘याद्वारे’ खोडलं, ‘अत्यावश्यक’ खोडलं, ‘सदर’ खोडलं. उरतं ते लांबच लांब पण थोडं फाटकं निवेदन. मी एका दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं असली निवेदनं चार ओळींत बसवली. तिथे मला एका जुन्या सहकाऱ्याने शिकवलं, की मराठी सरकारी वाक्य शेपटीकडून धरायचं. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं. सरकारी वाक्यात तर ते पन्नास-साठ शब्दांनंतर, धापा टाकत येतं. म्हणून आधी फक्त क्रियापदांखाली रेघ मारा.

इथे ती पाच निघतात: (सात विभागांत) बंद राहील, (खारघर, कामोठे आणि थेट जोडण्या) बंद राहील, कमी दाबाने होण्याची शक्यता आहे, साठा करून ठेवावा, सहकार्य करावे. ‘कळविण्यात येते’ मी मोजलं नाही, ते नुसतं दार ठोठावणं आहे. पाचांपैकी पहिली तीन म्हणजे बातमी. चौथं बातमीतून आपोआप निघतं, पाणी बंद आहे म्हटल्यावर पिंप भरायला कुणाला शिकवावं लागत नाही. जागा उरली तर ठेवा. पाचवं सोडून द्या, महापालिका रागावणार नाही.

मग प्रत्येक उरलेल्या क्रियापदाला तीन प्रश्न विचारायचे: कधी, कुठे, आणि नक्की की बहुतेक? मिळालेली उत्तरं कागदावर तुटक लिहा, निवेदन बाजूला पालथं ठेवा, आणि त्या तुकड्यांवरून नव्याने लिहा. मूळ समोर असलं की त्याचीच वळणं हाताला लागतात.

‘कधी’मध्ये जास्तीत जास्त घोळ होतो. पहाटे चार हा गुरुवार आहे हे घड्याळाला कळतं, पण आपल्या बोलण्यात दिवस उजाडल्यावर बदलतो. ‘बुधवारी रात्री दीड वाजता पाहुणे आले’ असं आपण म्हणतो तेव्हा कॅलेंडरवर गुरुवार लागलेला असतो. त्यामुळे ‘बुधवारी सकाळी 10 ते पहाटे 4’ असं आटवलंत तर अर्धे वाचक थबकतील, आणि एखाद्या आजी ते बुधवारच्याच पहाटेचं समजून मंगळवारपासून पाणी जपतील. दोन्ही टोकांना वार आणि तारीख दोन्ही लिहा. वार चुकला तर तारीख सावरते, तारीख चुकली तर वार. रात्री बाराची वेळ आली तर ‘बुधवारी रात्री 12’ असं लिहूच नका, ‘बुधवार आणि गुरुवारच्या मधल्या रात्री 12’ लिहा. तीन शब्द वाढतील, वाढू द्या. तीच गोष्ट ‘12 पर्यंत बंद’ची. बारा तारीख धरून की सोडून? तास लिहिला की प्रश्नच उरत नाही.

निवेदनांत कधी कधी ‘18 तास’ असंही लिहिलेलं असतं. ते वाचकाला देऊ नका, पण स्वतःसाठी वापरा. बुधवार सकाळी दहा ते गुरुवार पहाटे चार, मोजा: अठराच. तुमच्या मेसेजमधल्या वेळा मोजून तेवढेच तास आले नाहीत तर कुठेतरी सकाळ-संध्याकाळ उलटली आहे.

आता ‘कुठे’, आणि इथे तुमच्या नणंदेचं उत्तर आहे. ‘नवी मुंबईत पाणी बंद’ हे सगळ्यात सुटसुटीत वाक्य आहे आणि या निवेदनापुरतं ते दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे. नवी मुंबई महापालिकेचे विभाग आठ: बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा. नमुन्यात सातच आहेत, दिघा नाही. यादीत जे नाही ते तुम्ही ‘नवी मुंबई’ म्हणून आत ओढलंत. उलट खारघर आणि कामोठे 2016 पासून पनवेल महापालिकेत आहेत, पण त्यांच्यासाठी सिडकोकडून जातं ते पाणी मोरब्याचंही असतं. म्हणून ती नावं नवी मुंबईच्या निवेदनात ‘तसेच’च्या मागे उभी असतात. खारघरचा माणूस पत्त्यावर ‘नवी मुंबई’ लिहितो आणि मालमत्ता कर पनवेलला भरतो. ‘नवी मुंबई’ वाचून त्याने स्वतःला आत धरायचं की बाहेर? तुमची नणंद तेच विचारत होती. उलव्याचा आणि नवीन पनवेलचा माणूसही पत्त्यात नवी मुंबईच लिहितो, तो उगीच पिंपं भरणार.

‘तसेच’ने मला एकदा चांगलंच पाडलं होतं. डेस्कवर अशीच एक सूचना आटवताना मी पहिलं वाक्य घेतलं आणि ‘तसेच’पासून पुढे कात्री लावली. मला वाटलं, तोच मजकूर पुन्हा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून फोन, सगळे त्या ‘तसेच’मधल्या वस्तीचे. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून ‘तसेच’, ‘वगळून’, ‘व्यतिरिक्त’, ‘काही भाग’ हे शब्द दिसले की मी त्यांना गोल करते. निवेदनातली अपवादाची आणि जोडाची माणसं त्यांच्यामागे लपलेली असतात.

‘बेलापूर ते ऐरोली’ हा मोह पण आवरा. रेल्वेने जाणाऱ्याला मधली स्टेशनं पाठ असतात, पण ‘ते’ने कोण आत आलं हे प्रत्येक जण आपापल्या नकाशाने ठरवतो. सात नावं लिहायला एक ओळ लागते. माणूस मेसेजमध्ये आधी आपल्या विभागाचं नाव शोधतो, ते मिळालं की मगच बाकीचं वाचतो. विभागांची नावं वाचवण्याची जागा नव्हे.

तिसरा प्रश्न छोटा आहे पण अफवा तिथूनच निघतात. ‘कमी दाबाने होण्याची शक्यता’ आटवताना ‘गुरुवारीही पाणी नाही’ होतं. दाब कमी असणं वेगळं, पाणी नसणं वेगळं, आणि शक्यता आणखी वेगळी. ‘गुरुवारी सकाळी दाब कमी असू शकतो’ यात तिन्ही राहतात. ‘पहाटे 4’ म्हणजे नळाला चार वाजता पाणी, असंही नाही. काम संपल्यावर वाहिनी भरते, मग तुमची जमिनीखालची टाकी, मग पंप लावून गच्चीवरची. ही गोष्ट निवेदनात लिहिलेली नसते, म्हणून फॉरवर्डमध्येही घालू नका. स्वतःच्या बिल्डिंगला वेगळी सांगा, त्याकडे येतेच.

कारण दोन-तीन शब्दांत ठेवा. काहीच कारण दिलं नाही तर लोक स्वतः पुरवतात, आणि ते पुरवलेलं कारण गळक्या व्हॉल्व्हपेक्षा नेहमी मोठं असतं. शेवटी निवेदन कुणाचं आणि कोणत्या तारखेचं ते. हे सगळं लावून माझा मेसेज असा झाला:

> *पाणी बंद: बुधवार 11 मार्च सकाळी 10 ते गुरुवार 12 मार्च पहाटे 4*
> कुठे: बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली; शिवाय खारघर, कामोठे आणि मुख्य जलवाहिनीवरच्या थेट जोडण्या.
> गुरुवारी सकाळी दाब कमी असू शकतो.
> मुख्य जलवाहिनीची दुरुस्ती. नवी मुंबई महापालिकेचं निवेदन, 9 मार्च.

पहिल्या ओळीत ‘सर्व सभासदांना नम्र विनंती’ नाही हे बघितलंत? फोनच्या लॉक स्क्रीनवर मेसेजची सुरुवातच दिसते, आणि लांब मेसेज व्हॉट्सॲप दुमडून ठेवतं, पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. वरच्या ओळीत नम्रता असली तर पाणी दुमडीत जातं. सरकारी वाक्यात जे शेवटी होतं ते इथे पहिलं आलं आहे. ‘पाणीपुरवठा बंद राहील’चं ‘पाणी बंद’ झालं आणि ते शेपटीवरून डोक्यावर बसलं. ओळ ठळक करायची तर दोन्ही टोकांना तारा टाईप करा, पण तारा आणि अक्षर यांच्यामध्ये मोकळी जागा सोडू नका. सोडलीत तर ओळ ठळक होत नाही, नुसत्या चांदण्या दिसतात.

स्टेटसला हाच मजकूर जसाच्या तसा चालेल. व्हॉट्सॲपच्या मजकुराच्या स्टेटसला 700 अक्षरांची मर्यादा आहे आणि हा तिच्या निम्म्याच्या आसपास आहे. पण मोजताना एक लक्षात ठेवा, फोन काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार वेगळे मोजतो. ‘नेरुळ’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात, फोनच्या हिशेबात ती पाच: न, मात्रा, र, उकार, ळ. साध्या एसएमएसमध्ये हे जास्त टोचतं. देवनागरीत एका एसएमएसची मर्यादा 70, म्हणजे वरची पहिली ओळसुद्धा जेमतेम मावते. बिल्डिंगमधल्या बटणांच्या फोनवाल्या काकांना तेवढी पहिली ओळच पाठवा, त्यांना आपला विभाग माहीत आहे.

स्टेटस 24 तासांनी जातं, म्हणून ते कधी लावता यालाही महत्त्व आहे. निवेदन सोमवारी आलं आणि तुम्ही सोमवारी दुपारी लगेच लावलंत, तर मंगळवारी दुपारी ते गायब. नेमकी मंगळवारची रात्र, जेव्हा लोक पाणी भरतात, ती कोरडी. सोमवारी ग्रुपवर मेसेज टाका आणि स्टेटस मंगळवारी सकाळी दहानंतर लावा. ते बुधवारी पाणी बंद होईपर्यंत टिकतं.

मूळ निवेदनाचा फोटो टाकायचाच असेल तर मजकुराच्या नंतर, वेगळा. फोटोखाली ओळ लिहून एकत्र पाठवलंत तर पुढे पाठवणारा फोटो ठेवून ओळ काढून टाकू शकतो, आणि मग पुन्हा तोच न उघडलेला फोटो. शिवाय फोटोतलं नाव ग्रुपमध्ये शोधलं तर सापडत नाही. मजकुरातलं ‘घणसोली’ सापडतं.

आता तुमच्या बिल्डिंगचं. टँकर मागवला आहे का, पंप किती वाजता लागणार, गच्चीची टाकी कुणी बघायची, हे फॉरवर्डच्या मेसेजमध्ये कधीही मिसळू नका. ‘पंप सकाळी 6 ते 7’ ही ओळ शेजारच्या सोसायटीत पोचली की तिथला वॉचमन उगीच शिव्या खातो. दुसरा मेसेज करा आणि त्याच्या पहिल्याच शब्दात सोसायटीचं नाव घाला. पाणी नळाला यायला वेळ लागेल, टाक्या भरल्यावरच पंप लागेल, हे सगळं तिथे. हा मेसेज स्टेटसला लावू नका.

पाठवण्याआधी उलटी तपासणी. तुमचा मेसेज समोर ठेवा आणि आता निवेदन उघडा. मेसेजमधला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक नाव निवेदनात बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. मग उलट, निवेदनातले गोल केलेले शब्द मेसेजमध्ये कुठे गेले ते बघा. नंतर घरातल्या कुणाला तरी, ज्याने निवेदन वाचलेलं नाही त्याला, मेसेज एकदाच वाचायला द्या, फोन परत घ्या आणि विचारा: गुरुवारी सकाळी सहाला पाणी असेल का? कामोठ्याला बंद आहे का? दिघ्याला? पहिल्याचं उत्तर ‘असेल, पण कदाचित कमी दाबाने’ असं आलं पाहिजे. दिघ्याचं उत्तर ‘त्यात नाव नव्हतं’ असं. दोन मिनिटांचं काम आहे. माझ्याकडे ते नवऱ्याचं खातं आहे, आणि तो वैतागतो.

शेवटचा त्रास म्हणजे बदल. काम पुढे ढकललं जातं, वेळ सरकते. आपण पाठवलेला मेसेज व्हॉट्सॲपमध्ये पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, पण तोवर जो फॉरवर्ड झाला तो जुनाच राहतो. तुमचा दुरुस्त झालेला मेसेज तुमच्या ग्रुपमध्ये, आणि चुकीचा पूर्ण घणसोलीत. म्हणून बदल आला की जुना मेसेज दुरुस्त करण्यापेक्षा नवा पाठवा, आणि तो जुन्याच्या मागे जाऊन त्याला गाठेल असा लिहा:

> *बदल: 11–12 मार्चला पाणी बंद राहणार नाही.*
> नवी वेळ: बुधवार 18 मार्च सकाळी 10 ते गुरुवार 19 मार्च पहाटे 4. विभाग तेच: बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, खारघर, कामोठे आणि थेट जोडण्या.
> नवी मुंबई महापालिकेचं सुधारित निवेदन, 10 मार्च.

जुनी तारीख पहिल्या ओळीत आली, कारण ज्याच्याकडे जुना मेसेज आहे त्याला कोणता मेसेज रद्द झाला ते कळायला हवं. ‘विभाग तेच’ म्हणून थांबले नाही, नावं पुन्हा लिहिली. नव्या मेसेजबरोबर जुना पोचेलच असं नाही. दाबाची ओळ गाळली, कारण सुधारित निवेदनात ती नव्हती असं मी धरलं. असती तर ठेवली असती, जुन्यावरून उचलून मात्र घातली नसती.

एक मर्यादाही सांगते. हे सगळं पाण्यासारख्या माहितीच्या निवेदनासाठी. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची नोटीस असेल तर चार ओळींचा मेसेज ही नोटीस नव्हे. ती विषयपत्रिकेसह, रीतसर, पूर्ण मुदत देऊन सभासदांना मिळायला लागते आणि बोर्डावर लागते. मेसेजमध्ये सभेची तारीख, वेळ, जागा आणि ‘पूर्ण नोटीस बोर्डावर’ एवढंच. विषय आटवून लिहायला गेलात तर ‘लिफ्टच्या दुरुस्तीच्या खर्चाला मंजुरी देण्याबाबत विचार करणे’चं ‘लिफ्टचा खर्च मंजूर’ होतं, आणि सभेआधीच जिन्यात सभा भरते.

आणि नणंदेला आता फोन करून सांगा, खारघरचं नाव दुसऱ्या ओळीत, ‘शिवाय’च्या पुढे बघायचं.